हायड्रोजन क्लोराइडचा एक रेणू हाताशी घेऊन क्वांटम दोलक सोडवूया

हायड्रोजन क्लोराइड वायूतून अवरक्त प्रकाश जाऊ दिला, तर ३.४७ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास तो जोरात शोषला जातो. साधारण दुप्पट ऊर्जेपाशी आणखी एक पट्टा दिसतो, पण बराच फिका. तिपटीच्या जवळ तिसरा, त्याहून फिका. वर्णपटवाल्यांच्या सवयीप्रमाणे तरंगसंख्येत मांडले तर हे तीन आकडे असे: २८८६, ५६६८ आणि ८३४७ प्रति सेंटिमीटर.

क्वांटम दोलकाबद्दल पुस्तकात जे लिहिलेले असते ते जवळपास सगळे या तीन आकड्यांतून बाहेर काढता येते. ऊर्जेच्या पायऱ्या सारख्या अंतरावर का, सगळ्यात खालची पायरी शून्यावर का नाही, आणि स्प्रिंगला टांगलेल्या वजनाशी या सगळ्याचे नाते काय, हे पाहायला कॅल्क्युलेटर आणि कागद पुरे. तरंगसंख्या हे इथे ऊर्जेचेच माप आहे. तिला प्रकाशाच्या वेगाने गुणले की वारंवारता मिळते, आणि ८०६५.५ प्रति सेंटिमीटर म्हणजे १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

पायरी १: आकडा नेमका कुठून वाचायचा

पहिल्यांदा हा वर्णपट पाहणारा हमखास गोंधळतो, कारण २८८६ वर रेघच नसते. तिथे फट असते. फटीच्या दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उभ्या असतात. रेणू कंप पावण्याबरोबर फिरतोही, आणि हायड्रोजन क्लोराइडच्या बाबतीत कंपनाची पायरी चढताना फिरण्याची पायरीही एकाने वर किंवा खाली सरकावी लागते. म्हणून नुसत्या कंपनाची रेघ गायब असते.

फटीच्या डावीकडची सर्वांत जवळची रेघ २८६५.१ वर, उजवीकडची २९०६.२ वर. दोन्हींचा मध्य २८८५.७ येतो. बंध ताणला गेला की रेणू किंचित सावकाश फिरतो, त्याची छोटी दुरुस्ती केली की २८८६. आणखी एक गोष्ट: चांगल्या उपकरणावर प्रत्येक रेघ दुहेरी दिसते, एक उंच आणि तिच्या शेजारी साधारण तिच्या एक तृतीयांश उंचीची. क्लोरीनचे ३५ आणि ३७ हे दोन समस्थानिक निसर्गात साधारण तीनास एक प्रमाणात असतात, त्याची ही खूण. आपण सगळीकडे उंच रेघ, म्हणजे क्लोरीन-३५ घेणार आहोत. घाईत एका बाजूची उंच आणि दुसऱ्या बाजूची ठेंगणी रेघ धरली, तर मध्य एखाद्या एककाने सरकतो आणि पुढे काय चुकले ते सापडत नाही.

पायरी २: रेणूची स्प्रिंग किती कडक

दोन अणू आणि मधला बंध म्हणजे दोन गोळे आणि मधली स्प्रिंग. दोघेही हलतात, पण एकमेकांच्या सापेक्ष हालचाल पाहायची असेल तर एकाच काल्पनिक वस्तुमानाने काम भागते. त्याला रिड्यूस्ड मास म्हणतात.

μ = m₁m₂/(m₁ + m₂) = (1.0078 × 34.969)/35.977 = 0.9796 u = 1.627 × 10⁻²⁷ kg

उत्तर जवळजवळ हायड्रोजनच्या वस्तुमानाएवढेच आले, आणि ते यायलाच हवे. क्लोरीन इतका जड आहे की तो भिंतीसारखा उभा राहतो आणि हायड्रोजन नाचतो. आता वारंवारता.

ω = 2πc × 2886 cm⁻¹ = 5.436 × 10¹⁴ rad/s

k = μω² ≈ 481 N/m

इथे दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे 2π विसरणे. मग k जवळपास चाळीस पटींनी कमी, बारा न्यूटन प्रति मीटर येतो. दुसरी म्हणजे रिड्यूस्ड मासऐवजी दोन्ही वस्तुमानांची बेरीज घालणे. मी स्वतः विद्यार्थी असताना हे केले होते आणि सतरा हजारांच्या पुढचा k मोठ्या विश्वासाने वहीत उतरवला होता. ओळखायचे कसे? एकेरी बंधांचा k बहुधा काही शे न्यूटन प्रति मीटर असतो, आणि कार्बन मोनॉक्साइडसारख्या अतिशय घट्ट बंधाचाही सुमारे १९०० च. या पट्ट्याच्या फार बाहेर उत्तर गेले, की निसर्गाकडे बोट दाखवण्याआधी आपला हिशोब तपासावा.

४८१ हा आकडा तात्पुरता आहे. तो का बदलावा लागतो ते पुढे येईलच.

पायरी ३: अभिजात दोलक काय सांगतो

न्यूटनच्या नियमांनी हीच स्प्रिंग सोडवली तर एक दोलन ११.६ फेम्टोसेकंदांत होते. ऊर्जा ½kA², म्हणजे आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात. आयाम कितीही असू शकतो, म्हणून ऊर्जाही कितीही. शून्यसुद्धा चालेल: दोन्ही अणू ठरलेल्या अंतरावर गप्प उभे.

या चित्रातली एक गोष्ट मात्र घट्ट धरून ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्याभोवती फिरते. आदर्श स्प्रिंगचा दोलनकाल आयामावर अवलंबून नसतो. वजन थोडे ओढून सोडा की जास्त ओढून सोडा, फेरी तेवढ्याच वेळात पुरी होते, कारण जास्त ओढले तर जायचे अंतरही वाढते आणि खेचणारे बलही त्याच प्रमाणात वाढते. लंबकाला हे फक्त छोट्या झोक्यांपुरतेच जमते. मोठा झोका घेतला की त्याला जास्त वेळ लागतो.

अभिजात चित्र या रेणूच्या बाबतीत कुठे फसते, हे उष्णतेच्या मोजमापातूनच दिसले होते. अभिजात हिशोबाप्रमाणे प्रत्येक रेणूच्या कंपनाने सरासरी kT एवढी ऊर्जा घ्यायला हवी (इथला k बोल्ट्झमनचा, स्प्रिंगचा नव्हे), आणि स्थिर आकारमानाला वायूची मोलर विशिष्ट उष्णता 7/2 R भरायला हवी. खोलीच्या तापमानाला ती 5/2 R च्या आसपासच भरते. कंपन असूनही नसल्यासारखे वागते.

पायरी ४: शून्यबिंदू ऊर्जा, आधी हाताने

थेट श्रोडिंगरच्या समीकरणावर उडी मारण्याआधी हा अंदाज करून पाहावा. माझ्या मते दोलकाची गोम इथे जितकी स्पष्ट दिसते तितकी हर्माइट बहुपदींच्या जंगलात दिसत नाही.

हायड्रोजनला बंधाच्या मधोमध गप्प बसवायचे आहे. जागा जितकी नक्की करू तितका संवेग अनिश्चित होतो: दोघांच्या पसरटपणाचा गुणाकार ħ/2 पेक्षा कमी होऊ शकत नाही. जागेचा पसारा Δx = s√(ħ/2μω) असा लिहू. इथे s हा आपल्या हातातला खटका. संवेगाचा पसारा शक्य तितका कमी ठेवला, तर सरासरी ऊर्जा अशी येते:

E = (ħω/4)(s² + 1/s²)

पहिले पद स्प्रिंग ताणल्याची किंमत, दुसरे पद जागा आवळल्याची. s = 1 ठेवा, ½ħω मिळेल. पसारा निम्मा केला, s = ½, तर स्प्रिंगची ऊर्जा घटते, पण संवेगाची चौपट होते आणि एकूण 1.06ħω भरते. दुप्पट केला, s = 2, तरी तेच 1.06ħω, फक्त आता स्प्रिंग महाग पडली. दोन्हीकडून वाढच होते, म्हणून तळ s = 1 ला. शून्यबिंदू ऊर्जा ही या दोन खर्चांमधली तडजोड आहे, आणि तळाला दोन्ही खर्च नेमके सारखे असतात.

आपल्या रेणूसाठी ½ħω म्हणजे १४४३ प्रति सेंटिमीटर, ०.१७९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. खोलीच्या तापमानाला kT ०.०२६ च्या आत-बाहेर असते, म्हणजे ही ऊर्जा तिच्या जवळजवळ सातपट. आणि Δx येतो ०.०७७ अँगस्ट्रॉम. बंधाची लांबी १.२७ अँगस्ट्रॉम आहे. म्हणजे निरपेक्ष शून्य तापमानालासुद्धा बंधाची लांबी तिच्या सहा टक्क्यांएवढी अनिश्चित राहते.

यातून ऊर्जा 'काढून' यंत्र चालवण्याच्या कल्पना अधूनमधून कानावर येतात. ऊर्जा काढायची तर दोलकाला याहून खालची अवस्था हवी, आणि तशी अवस्था नाही असेच तर आत्ता आपण दाखवले.

पायरी ५: पायऱ्या सारख्या का

वरचा अंदाज तळ सांगतो, वरच्या पायऱ्या सांगत नाही. त्यासाठी थोडे बीजगणित, पण खरोखर थोडेच. आधी एकके झटकून टाकू: लांबी √(ħ/μω) मध्ये मोजू आणि तिला X म्हणू, संवेग √(μħω) मध्ये मोजू आणि त्याला P म्हणू. मग ऊर्जा अगदी सममित दिसते.

H = ½ħω(X² + P²), आणि XP − PX = i

साध्या संख्या असत्या तर X² + P² चे (X − iP)(X + iP) असे अवयव पाडता आले असते. इथे क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून अवयव पाडताना एक तुकडा उरतो. a = (X + iP)/√2 आणि a† = (X − iP)/√2 घेऊन गुणाकार स्वतः करून पाहा:

a†a = ½(X² + P² + i(XP − PX)) = ½(X² + P² − 1)

म्हणजे H = ħω(a†a + ½). अर्धा आला तो इथून. क्रम बदलल्याने उरलेला तुकडा तोच हा, आणि अनिश्चिततेचा नियमही त्याच क्रमातून येतो. त्यामुळे मागच्या पायरीतला अर्धा आणि हा अर्धा जुळणे योगायोगाचे नाही.

आता उलट क्रमाने गुणाकार केला तर aa† − a†a = 1 मिळते, आणि त्यावरून एका ओळीत:

H a† = a†(H + ħω)

या ओळीचा अर्थ असा: एखाद्या अवस्थेची ऊर्जा E असेल, तर तिच्यावर a† चालवल्यावर मिळणाऱ्या अवस्थेची ऊर्जा E + ħω. पुन्हा चालवा, पुन्हा तेवढीच वाढ. कितव्या पायरीवर उभे आहोत याचा या ओळीत उल्लेखच नाही, म्हणून उडी सगळीकडे सारखीच. a तितकेच खाली उतरवतो.

उतरत उतरत कुठवर जाणार? ऊर्जा दोन वर्गांची बेरीज आहे, ती ऋण होऊ शकत नाही. म्हणजे शिडीला कुठेतरी तळ हवाच, आणि तळ असण्याचा एकच मार्ग आहे: तिथे a चालवल्यावर हाती काहीच उरत नाही, aψ₀ = 0. मग H मधले a†a नाहीसे होते आणि E₀ = ½ħω. इथे एक शंका विचारण्यासारखी असते: ०.३ħω पासून सुरू होणारी वेगळी शिडी का नसावी? कारण तिलाही तळ लागेल, तळाची अट तीच, आणि ती अट ½ सोडून दुसरी ऊर्जा देतच नाही. शिवाय aψ₀ = 0 हे समीकरण सोडवले तर e^(−X²/2) हा घंटेसारखा आकार एवढेच उत्तर मिळते. शिडी एकच.

Eₙ = ħω(n + ½), n = 0, 1, 2, …

क्वांटम यामिकीच्या जन्माशीच हा दोलक जोडलेला आहे. हायझेनबर्गने १९२५ मध्ये नवी यामिकी मांडली तेव्हा हाताशी घेतलेली उदाहरणे दोलकाचीच होती, आणि श्रोडिंगरने १९२६ मध्ये आपल्या तरंग-समीकरणातून हाच अर्धा मिळवला.

हायड्रोजन क्लोराइडकडे परत. पायरीची उंची ०.३५८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि खोलीत kT ०.०२६, म्हणून पहिल्या पायरीवर असलेले रेणू तळावरच्यांच्या तुलनेत सुमारे दहा लाखांत एक. मागच्या 5/2 R चे कोडे इथे सुटते. पायरी इतकी उंच आहे की उष्णतेचे धक्के तिथवर पोचतच नाहीत, आणि कंपन गोठलेले राहते.

पायरी ६: दोन चित्रे एकमेकांवर ठेवून पाहणे

दोलकाच्या फोटोंचा मोठा गठ्ठा काढला, कुठलाही क्षण न निवडता, तर अभिजात दोलक बहुतेक फोटोंत टोकांजवळ सापडेल, कारण तिथे तो वळतो आणि रेंगाळतो. मधून तो झपकन निघून जातो. क्वांटम दोलकाची तळाची अवस्था बरोबर उलट: मध्याला सापडण्याची शक्यता सर्वाधिक, टोकांकडे कमी कमी.

टोक नावाची गोष्टही पातळ होते. ½ħω ऊर्जा असलेला अभिजात हायड्रोजन मध्यापासून ०.१०९ अँगस्ट्रॉमवर वळला असता, त्यापलीकडे जाऊच शकला नसता. तळाच्या अवस्थेत तो या हद्दीपलीकडे सापडण्याची शक्यता १५.७ टक्के आहे. पहिल्या पायरीवर ती ११.२ टक्क्यांवर येते आणि n वाढत जाईल तशी घटत राहते. फार मोठ्या n ला शक्यतेचा आलेख दाट दातेरी होतो, आणि दातांची सरासरी काढली की टोकांना उंचावलेला तो अभिजात आकार दिसू लागतो.

पण इथेच एक गैरसमज घर करतो. 'n मोठा केला की दोलक अभिजात होतो' असे सर्रास म्हटले जाते. तसे नाही. n कितीही मोठा असू द्या, ठरावीक ऊर्जेची अवस्था हलत नाही. तिची सरासरी जागा कायम मधोमध. झोका घेणारे वजन हवे असेल तर शेजारच्या अनेक पायऱ्या एकत्र मिसळाव्या लागतात. प्रत्येक पायरीचा कला-काटा आपापल्या ऊर्जेच्या वेगाने फिरतो, आणि त्यांच्या वेगांतल्या फरकांमधून हालचाल निर्माण होते.

आता पायरी ३ मधली ती घट्ट धरून ठेवायला सांगितलेली गोष्ट बाहेर काढा. पायऱ्यांमधली अंतरे सारखी असल्यामुळे एक दोलनकाल उलटला की सगळे काटे एकमेकांच्या सापेक्ष पूर्ण फेऱ्या मारून पुन्हा जुळतात. मिश्रण कसलेही असो, पायऱ्या खालच्या असोत की वरच्या, अवस्था त्याच वेळात मूळ रूपावर येते. आयाम काही का असेना, दोलनकाल एकच, हे अभिजात वैशिष्ट्य आणि पायऱ्यांची समान अंतरे ही एकाच वस्तुस्थितीची दोन रूपे आहेत. अंतरे विषम असती तर वरच्या पायऱ्यांचे मिश्रण वेगळ्या वेळात फिरले असते, म्हणजेच मोठ्या आयामाचा दोलनकाल वेगळा पडला असता.

मोठ्या वस्तूंना हे का जाणवत नाही याचाही हिशोब छोटा आहे. १०० ग्रॅम वजन, १० न्यूटन प्रति मीटरची स्प्रिंग, ५ सेंटिमीटर आयाम. ω येतो 10 rad/s, ऊर्जा 0.0125 J, एक पायरी सुमारे 10⁻³³ J. म्हणजे n सुमारे 10³¹, आणि तळाच्या अवस्थेचा पसारा 10⁻¹⁷ मीटरच्या घरात, प्रोटॉनपेक्षा कितीतरी लहान. पायऱ्या तिथेही आहेत, पण त्यांना पायऱ्या म्हणण्यात काही अर्थ उरत नाही.

पायरी ७: परीक्षा, आणि ती कुठे बिघडते

पायऱ्या खरोखर सारख्या असतील तर तळापासून दुसऱ्या पायरीवरची उडी 2 × 2886 = 5772 ला दिसली पाहिजे. दिसते ५६६८ ला. १०४ ने कमी. तिसरी ८६५८ ला हवी होती, ती ८३४७ ला.

आधी हे विचारू की या दुप्पट-तिप्पट उड्या दिसतात तरी का. आदर्श दोलक प्रकाश शोषताना एकच पायरी चढतो. अभिजात भाषेत, आदर्श स्प्रिंगचे दोलन निर्भेळ साइन-लहर असते, तिच्यात दुप्पट वारंवारतेचा सूर मिसळलेलाच नसतो. तो सूर ऐकू आला, फिका का होईना, म्हणजे स्प्रिंग आदर्श नाही ही पहिली खूण. तो अपेक्षेपेक्षा खाली वाजला ही दुसरी.

आणि तो खाली का वाजावा हे आता सूत्राशिवाय सांगता येते. खरा बंध दाबला तर कडक होतो, ताणला तर सैल पडत जातो आणि शेवटी तुटतो. मोठ्या आयामाला हायड्रोजन सैल बाजूला जास्त वेळ काढतो, लंबकाच्या मोठ्या झोक्यासारखा. दोलनकाल वाढला, म्हणजे पायरी आखूड झाली. पहिली दुरुस्ती अशी लिहितात, G(n) म्हणजे तरंगसंख्येत मोजलेली n व्या पायरीची ऊर्जा आणि ω_e म्हणजे अगदी छोट्या कंपनांची तरंगसंख्या:

G(n) = ω_e(n + ½) − x(n + ½)²

पुस्तकांत x च्या जागी ω_e x_e असा जोड असतो, मी आटोपशीर ठेवले आहे. तळापासूनच्या उड्या: पहिली ω_e − 2x, दुसरी 2ω_e − 6x. पहिलीच्या दुपटीतून दुसरी वजा करा.

2x = 5772 − 5668 = 104, म्हणून x = 52 आणि ω_e = 2886 + 104 = 2990

दोन आकड्यांतून दोन अज्ञात काढले, यात अजून कर्तृत्व काही नाही. कस लागतो तो तिसऱ्या आकड्याशी, जो आपण वापरलेलाच नाही: 3ω_e − 12x = 8970 − 624 = 8346. मोजलेला ८३४७.

आता k पुन्हा काढावा लागेल. बंधाच्या तळाशी स्प्रिंग किती कडक आहे हे २८८६ सांगत नाही, ते २९९० सांगते, कारण २८८६ मध्ये सैलपणाचा वाटा मिसळलेला आहे. नवा k ५१६ न्यूटन प्रति मीटर. वायू बराच तापवला की पहिल्या पायरीवर चढलेले रेणू वाढतात आणि त्यांची पुढची उडी 5668 − 2886 = 2782 भोवती दिसू लागते. आदर्श दोलकात ती पहिल्या पट्ट्याखालीच लपून गेली असती.

ही दुरुस्ती खालच्या पायऱ्यांपुरतीच विश्वासाची. तेच सूत्र पायऱ्या संपेपर्यंत ताणून बंध तोडायची ऊर्जा काढली, तर तळापासून ω_e²/4x, म्हणजे ५.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात. शून्यबिंदू ऊर्जा वजा केली तरी ५.१ च्या पुढे. प्रत्यक्षात ४.४३ पुरतात.

पायरी ८: हायड्रोजन काढून ड्यूटेरियम घालणे

ड्यूटेरियम म्हणजे दुप्पट जड हायड्रोजन. इलेक्ट्रॉन तेच, म्हणून बंधाचा आकार आणि k तेच, फक्त वस्तुमान बदलले. नवा रिड्यूस्ड मास 1.9044 u. वारंवारता √(0.9796/1.9044) = 0.7172 पटीने उतरली पाहिजे.

घाईने २८८६ ला ०.७१७२ ने गुणले तर २०७० येते. मोजमाप सांगते २०९१. वीस एककांची चूक, आणि वर्णपटात वीस एकके म्हणजे खूपच. कारण आता उघड आहे: ०.७१७२ हे प्रमाण ω_e ला लागू आहे, आणि सैलपणाचा x त्याच्या वर्गाने, ०.५१४४ पटीने उतरतो. योग्य हिशोब असा:

ω_e = 2990 × 0.7172 = 2144.4

2x = 104 × 0.5144 = 53.5

2144.4 − 53.5 = 2090.9

हलक्या रेणूच्या दोन आकड्यांवरून जड रेणूचा पट्टा एका एककाच्या आत सापडला.

आणि याच अदलाबदलीत शून्यबिंदू ऊर्जा उघडी पडते. एका रेणूत ती थेट दिसत नाही, कारण प्रत्येक उडी दोन पायऱ्यांमधला फरक असते आणि अर्धा दोन्हींकडून वजा होतो. दोन समस्थानिक शेजारी ठेवले की तो वजा होत नाही. मलिकनने १९२४ मध्ये बोरॉन मोनॉक्साइडच्या समस्थानिकांच्या वर्णपटावरून अर्ध्या पायरीचा पुरावा दिला तो याच वाटेने.

आपल्या दोन रेणूंचे तळ n = 0 घालून काढा.

हायड्रोजन क्लोराइड: 1495 − 13 = 1482 cm⁻¹

ड्यूटेरियम क्लोराइड: 1072 − 7 = 1065 cm⁻¹

फरक ४१७, म्हणजे ०.०५२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. दोघांची दरी एकच, पण हलका रेणू तिच्यात जरा वर तरंगतो आणि जड रेणू जरा खोल बसतो. दरीबाहेर पडायला जड रेणूला तेवढी ऊर्जा जास्त लागली पाहिजे. अभिजात दोलक निरपेक्ष शून्याला तळाशीच टेकले असते आणि दोन्ही बंध तोडायला अगदी सारखीच ऊर्जा लागली असती. मोजलेल्या आकड्यांत ड्यूटेरियम क्लोराइडचा बंध तोडायला सुमारे ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट जास्त लागतात.